कंट्रोल टेस्टिंगमध्ये डेव्हिएशन सापडलं, आता पुढच्या व्हाउचिंगचं काय करायचं?

आर्टिकलशिपला नवीन लागलेल्या मुलामुलींना हा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या ऑडिटलाच पडतो आणि पुस्तकात त्याचं उत्तर दोन ओळीत संपतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. चाळीस बिलं काढली, कंट्रोल, म्हणजे चूक अडवायला कंपनीने ठेवलेली तपासणी, चालतोय का बघितलं, तीन ठिकाणी चालला नव्हता, म्हणजे तीन डेव्हिएशन. आता? बहुतेक जण दोनपैकी एक करतात. एकतर "माल आलाय ना, रक्कम बरोबर आहे ना, मग जाऊ दे" म्हणून टिक मारतात, नाहीतर घाबरून सगळीकडचं सॅम्पल दुप्पट करतात. दोन्ही चूक आहे, आणि दुसरं जास्त त्रासदायक, कारण त्यात मेहनत भरपूर होते आणि रिस्क जिथे आहे तिथे कोणी बघतच नाही.

मी एका केसवरून सांगतो. पुण्याजवळची मध्यम साइझची ऑटो पार्ट बनवणारी कंपनी, नाव सांगत नाही. वर्षाची खरेदी साधारण 42 कोटी. खरेदीचा मुख्य कंट्रोल म्हणजे थ्री-वे मॅच, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, जीआरएन म्हणजे माल आल्याची स्टोअरची नोंद आणि सप्लायरचं बिल हे तीन कागद जुळल्याशिवाय अकाउंट्सवाला बिल पोस्ट करत नाही. क्वांटिटी जीआरएनप्रमाणे, रेट पीओप्रमाणे. आम्ही जानेवारीत इंटरिमला, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच्या तपासणीला, गेलो होतो, एप्रिल ते डिसेंबरची साधारण 2,900 बिलं होती, त्यातून रँडम 40 काढली. प्लॅन असा होता की हा कंट्रोल चालतोय असं दिसलं तर मार्चनंतर खरेदीचं व्हाउचिंग, म्हणजे एकेक नोंद कागदांशी जुळवून बघणं, कमी करायचं.

टॉलरेबल रेट 7 टक्के ठेवला होता, म्हणजे शंभरात सातपर्यंत वेळा कंट्रोल चुकला तरी आम्ही त्याच्यावर विसंबून राहू शकतो असं आधीच ठरवलेलं. आधीच हा शब्द महत्त्वाचा आहे, रिझल्ट बघून मग हा आकडा ठरवायचा नसतो. आणि किती ठेवायचा हे फर्मच्या मेथडॉलॉजीवर आणि तुम्ही त्या कंट्रोलवर किती भार टाकताय त्यावर अवलंबून असतं.

सॅम्पलमध्ये तीन बिलं अशी निघाली की बिल पोस्ट झालेलं आधी आणि जीआरएन सिस्टिममध्ये आलाय नंतर, एका केसमध्ये तर नऊ दिवसांनी. म्हणजे मॅच न करताच पोस्ट केलंय, जुळवायला जीआरएन नव्हताच. आमच्यातल्या एकाने लगेच स्टोअरमध्ये जाऊन बघितलं, तिन्हीचा माल आलेला, क्वांटिटी बरोबर, रेट बरोबर. तो म्हणाला मग डेव्हिएशन कशाला धरायचं.

इथे थांबून नीट समजून घ्या. कंट्रोल टेस्टमध्ये आपण रक्कम तपासत नसतो, कंट्रोल चालला का नाही एवढंच बघत असतो. तीन बिलांत रक्कम बरोबर निघाली ती सप्लायरने बिल बरोबर दिलं म्हणून, कंट्रोलने पकडलं म्हणून नाही. चौथ्या बिलात सप्लायरने जास्त क्वांटिटी लावली असती तर ती तशीच पोस्ट झाली असती. म्हणून डेव्हिएशन ते डेव्हिएशनच, त्याची रुपयातली किंमत शून्य असली तरी. एसए 330 या ऑडिटिंग स्टँडर्डमध्ये हे उलट बाजूनेही सांगितलंय, व्हाउचिंगमध्ये चूक सापडली नाही म्हणून कंट्रोल चालतोय असं सिद्ध होत नाही, पण सापडली तर कंट्रोलबद्दल परत विचार करावा लागतो.

अजून एक छोटी गोष्ट, व्हाउचर मिळालंच नाही तर काय. शोधून, पर्यायी पुरावा बघूनही मिळत नसेल तर तेही डेव्हिएशन धरायचं. पण बिल रीतसर कॅन्सल झालंय आणि तसा पुरावा आहे, तर ते डेव्हिएशन नाही, त्याच्या जागी दुसरं घ्यायचं. हे एसए 530 मध्ये आहे. "फाईल गहाळ आहे, दुसरं बिल देतो" असं क्लायंट म्हणाला आणि आपण गुपचूप दुसरं घेतलं, असं कधीही करू नका.

आता आकडा. चाळीसात तीन म्हणजे साडेसात टक्के. कंट्रोल टेस्टमध्ये वेगळं प्रोजेक्शन करावं लागत नाही, सॅम्पलचा रेट तोच पॉप्युलेशनचा अंदाज. पण हा फक्त अंदाज झाला, खरा रेट त्याच्यापेक्षा जास्त असू शकतो कारण आपण चाळीसच बघितली. तो जास्तीत जास्त किती असू शकतो हे काढायला टेबल असतात, नसतील तर एक्सेलमध्ये येतं. 90 टक्के कॉन्फिडन्सला, 40 चं सॅम्पल, 3 डेव्हिएशन:

```
=BETA.INV(0.9, 3+1, 40-3)
```

उत्तर जवळपास 16 टक्के. म्हणजे साडेसातच पहिल्यांदा सातच्या वर, आणि वरची मर्यादा तर दुपटीपेक्षा जास्त. शून्य डेव्हिएशन असती तर हाच आकडा 5.6 आला असता आणि काम झालं असतं, एक निघालं असतं तरी 9.4 म्हणजे नापासच. हे नवीन लोकांच्या लक्षात येत नाही, 40 चं सॅम्पल या टॉलरेबल रेटला शून्य डेव्हिएशन गृहीत धरूनच काढलेलं असतं, "एकच तर आहे" असं म्हणायला त्यात जागाच नसते. फॉर्म्युल्यात आकडे बदलून स्वतः बघा, पटेल.

मग पुढे काय. एसए 330 म्हणतं की डेव्हिएशन सापडलं की स्पेसिफिक चौकशी करा, कारण समजून घ्या, परिणाम काय होऊ शकतो ते समजून घ्या आणि मग ठरवा की आत्ताच्या टेस्टवर विसंबून राहता येतं का, अजून कंट्रोल टेस्ट करायची का, की रिस्क सब्स्टँटिव्हने, म्हणजे थेट रकमा तपासून, कव्हर करायची. सगळी गंमत त्या "कारण" मध्ये आहे आणि तिथेच लोक सर्वात कमी वेळ घालवतात. वर्किंग पेपरमध्ये "ह्युमन एरर, क्लायंटने मान्य केलं" एवढं लिहितात. ह्युमन एरर हे कारण नाहीये, कोणाची, कधी, का आणि ती थांबवायला सिस्टिममध्ये काही होतं का, हे कारण.

आम्ही तिन्ही बिलांच्या पोस्टिंगच्या तारखा बघितल्या. तिन्ही 14 ऑक्टोबर ते 30 नोव्हेंबरच्या आतल्या, तिन्ही एकाच युजर आयडीवरून. विचारल्यावर कळलं की नेहमीची अकाउंट्सची मॅडम त्या काळात रजेवर होती, तिच्या जागी कॉन्ट्रॅक्टवर एक जण घेतलेला. त्याच वेळी स्टोअरचं शिफ्टिंग चालू असल्यामुळे जीआरएन एंट्री मागे पडत होती आणि सप्लायर पेमेंटसाठी मागे लागलेले, म्हणून त्या आयडीला जीआरएनशिवाय बिल पोस्ट करायचा राइट दिला गेला. मॅडम परत आल्यावर तो काढला.

गोष्ट पटण्यासारखी आहे, पण ती गोष्ट आहे, पुरावा नाही. क्लायंट नेहमीच सांगतो की हे तेवढ्यापुरतंच होतं. मग आम्ही काय मागितलं ते सांगतो. युजर राइट्सचा चेंज लॉग, आयटीवाल्याने आमच्यासमोर सिस्टिममधून काढून दिलेला, मेलवर पाठवलेली एक्सेल शीट नाही. त्यात राइट दिल्याची आणि काढल्याची तारीख दिसली. एचआरचं रजेचं रेकॉर्ड. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे सगळ्या 2,900 बिलांचा डेटा, बिल पोस्टिंगची तारीख-वेळ आणि जीआरएनची तारीख-वेळ शेजारी शेजारी. कारण एकदा कळलं की अशा गोष्टीला सॅम्पलची गरजच राहत नाही, एक फिल्टर लावला की पोस्टिंग आधी आणि जीआरएन नंतर अशी सगळी बिलं समोर येतात. अर्थात त्या डेटाची टोटल आधी लेजरशी जुळवायची, नाहीतर अर्ध्या डेटावर निष्कर्ष काढाल.

फिल्टरमध्ये 65 बिलं आली. 61 त्या दीड महिन्यातली, त्याच आयडीची. उरलेली 4 बाहेरची, तेव्हा सगळे जरा शांत झाले. एकेक उघडून बघितली तर चारही वाहतूक आणि दुरुस्तीची बिलं, ज्यांना मालाचा जीआरएन नसतोच, नंतर कोणीतरी रेफरन्स म्हणून नंबर टाकलेला. म्हणजे ती या कंट्रोलच्या पॉप्युलेशनमध्ये यायलाच नको होती. हे काम कंटाळवाणं वाटतं पण ही चार बिलं न बघता सोडली असती तर "फक्त त्याच काळात" हे वाक्य लिहिता आलं नसतं.

एक मात्र, तारखांच्या फिल्टरने फक्त क्रम कळतो. जीआरएन आधी आलाय पण क्वांटिटी आणि रेट खरंच कोणी जुळवले का, हे फिल्टर सांगत नाही. म्हणून सॅम्पल फेकून देता येत नाही.

आता पॉप्युलेशनचे दोन भाग झाले, खिडकी आणि बाकीचं वर्ष. खिडकी म्हणजे ते 14 ऑक्टोबर ते 30 नोव्हेंबर, 430 बिलं, साधारण 5 कोटी. आमच्या 40 पैकी 6 खिडकीतली होती आणि तीनही डेव्हिएशन त्यातच. बाहेरची 34, त्यात शून्य. 34 ला शून्य म्हणजे वरची मर्यादा 6.5 टक्के, सातच्या आत. टीममधले खूश झाले. पण मॅनेजरनी थांबवलं आणि त्यांचं म्हणणं मला आजही पूर्ण पटतं. ही विभागणी आपण रिझल्ट बघितल्यावर केलीये. चुका जिथे सापडल्या तेवढा तुकडा बाजूला काढला की उरलेलं कधीही स्वच्छच दिसणार. म्हणून खिडकीबाहेरून नवीन 20 बिलं काढायला लावली, त्यात एक जरी डेव्हिएशन आलं तरी बाकीच्या वर्षावरही विसंबायचं नाही हे आधी लिहून ठेवलं. शून्य आली. 54 ला शून्य, वरची मर्यादा साधारण 4.2 टक्के.

याचा आणि "पास होईपर्यंत सॅम्पल वाढवत राहा" याचा फरक लक्षात घ्या. 40 मध्ये 3 आली, म्हणून अजून 20 घेऊ, त्यात नाही आली तर 60 मध्ये 3 म्हणजे 5 टक्के, सातच्या आत, झालं, हे चालत नाही. वरची मर्यादा तेव्हाही टॉलरेबलच्या बाहेरच असते आणि कारण न कळताच आकडा पातळ केलेला असतो. आम्ही 20 घेतली ती वेगळ्या, पुराव्याने वेगळ्या केलेल्या भागातून. डेव्हिएशनला "अपवाद" म्हणून बाजूला काढायचं असेल तर एसए 530 फार जास्त खात्री मागतं, आणि तसं फार क्वचित करता येतं. इथे आम्ही अपवाद म्हटलंच नाही, खिडकीत कंट्रोल फेल असंच धरलं.

कारण नीट कळलं नसतं तर? किंवा तीनही बिलं एकाच सप्लायरची असती आणि पोस्ट करणारा तोच माणूस असता? मग विषयच बदलतो. चुकून राहिलेलं आणि जाणूनबुजून टाळलेलं याची टेबलं एक नसतात, मुद्दाम केलेलं असेल तर एक डेव्हिएशनसुद्धा टक्केवारीत मोजायचं नसतं, तिथे फ्रॉडची रिस्क म्हणून एसए 240 प्रमाणे बघायचं आणि त्याच दिवशी सिनियरला सांगायचं. आमची तीन बिलं तीन वेगवेगळ्या सप्लायरची होती, आणि 61 बिलांतही कुठल्या एका नावाचा ढीग दिसला नाही, हे मुद्दाम तपासलं होतं.

आता मुख्य प्रश्न, व्हाउचिंग कसं बदलायचं. आधी असर्शन ठरवा, म्हणजे आकड्याबद्दलचा नेमका कुठला दावा धोक्यात आहे ते. थ्री-वे मॅच चुकला तर काय बिघडू शकतं? न आलेल्या मालाचं बिल पोस्ट होईल, किंवा जास्त क्वांटिटी-रेटने होईल. म्हणजे ऑकरन्स आणि ॲक्युरसी. बिल यायचंच राहिलं, प्रोव्हिजन झाली नाही, हा कम्प्लीटनेसचा प्रश्न वेगळा, तो या डेव्हिएशनमुळे वाढत नाही. तरी नवीन मुलं घाबरून एप्रिलमधली पेमेंट बघायचं सॅम्पल वाढवतात. ते काम प्लॅनप्रमाणे होईलच, ते वाढवून ही रिस्क कमी होत नाही.

तसंच क्रेडिटर्सची बॅलन्स कन्फर्मेशन. सगळ्यांना पहिली हीच सुचते. विचार करा, नोव्हेंबरमधलं जास्तीचं बिल, जानेवारीत पैसे देऊन झाले. 31 मार्चला सप्लायरला पत्र पाठवलं तर तो बॅलन्स बरोबर आहे असंच लिहून देणार, कारण त्याच्याही वह्यांमध्ये तेच बिल आहे आणि त्याला पैसे मिळालेत. जीएसटीआर-2बी जुळणं पण तसंच, सप्लायरने बिल अपलोड केलं एवढंच त्यातून कळतं, माल गेटच्या आत आला हे नाही. म्हणून कन्फर्मेशन वाढवली नाहीत. पुरावा असा हवा जो बिलाच्या आणि त्या अकाउंट्सवाल्याच्या बाहेरचा आहे. गेटवरचं सिक्युरिटीचं इनवर्ड रजिस्टर, वजनकाट्याची स्लिप, ई-वे बिल, क्वालिटीवाल्यांचा इन्स्पेक्शन रिपोर्ट. खिडकीतल्या बिलांसाठी हे कागद घेतले, आणि उशिरा टाकलेल्या जीआरएनवर भरवसा ठेवला नाही, कारण तो बिल बघूनच भरलेला असू शकतो. नेचर बदलणं म्हणतात ते हे.

एक्स्टेंट आता बघू. परफॉर्मन्स मटेरियालिटी, म्हणजे काम आखताना धरलेली चुकांची मर्यादा, 75 लाख, त्यातून थोड्याफार अपेक्षित चुकांसाठी 15 लाख बाजूला ठेवले, उरले 60. सॅम्पल मॉनेटरी युनिट पद्धतीने, म्हणजे जेवढं बिल मोठं तेवढी त्याची निवडीची शक्यता जास्त. या 60 ला फॅक्टरने भागलं की इंटरव्हल मिळतो, दर तेवढ्या रुपयांमागे एक आयटम. कंट्रोलवर आणि ॲनालिटिकल प्रोसिजरवर विसंबताना आम्ही फॅक्टर 1 धरला होता, म्हणजे इंटरव्हल 60 लाख आणि 42 कोटीला 70 आयटम. कंट्रोलवर अजिबात विसंबायचं नसेल तर फॅक्टर 3, इंटरव्हल 20 लाख, 210 आयटम. फॅक्टर फर्मप्रमाणे वेगळे असतात, पण अंदाज येईल.

कारण शोधलं नसतं तर पूर्ण 42 कोटीला 210 करावी लागली असती. आता खिडकीच्या 5 कोटीला 20 लाखाच्या इंटरव्हलने 25 आणि बाकीच्या 37 कोटीला 60 लाखाच्या इंटरव्हलने 62, एकूण 87. चौकशीला आणि 20 जास्तीच्या बिलांना जो वेळ गेला तो इथे वसूल झाला, आणि महत्त्वाचं म्हणजे जास्तीची मेहनत बरोबर त्या दीड महिन्यावर पडली. शिवाय लक्षात असू द्या, कंट्रोल कितीही छान असला तरी मटेरियल आकड्यासाठी सब्स्टँटिव्ह शून्य करता येत नाही.

टायमिंगचं थोडक्यात. खरेदीचं काही व्हाउचिंग डिसेंबरपर्यंतचं इंटरिमला उरकून जानेवारी ते मार्च नुसतं रोल फॉरवर्ड करायचं ठरलं होतं. राइट काढलेला, मॅडम परत आलेली, तरी तीन महिने परत चेंज लॉग आणि तोच तारखांचा फिल्टर चालवायचा हे प्लॅनमध्ये टाकलं. कोणी परत राइट दिला तर लगेच दिसलं असतं. दिला नव्हता.

फायनलला खिडकीच्या 25 मध्ये एक चूक सापडली. 4 लाख 75 हजारांचं बिल, 500 नगांचं, गेटवर आणि इन्स्पेक्शनला 460 च आलेले, डेबिट नोट टाकलेली नाही. जास्तीची रक्कम 38,000, म्हणजे बिलाच्या 8 टक्के. इंटरव्हल 20 लाख, त्याचे 8 टक्के 1 लाख 60 हजार, ही झाली खिडकीतली प्रोजेक्टेड चूक. सॅम्पलिंग रिस्क धरून वरची मर्यादा 63 लाखाच्या आत राहिली, 75 च्या खाली, म्हणजे ठीक. 38,000 ची एंट्री क्लायंटने केली, सप्लायरकडून वसूलही केले. "38 हजारच तर आहेत" म्हणून सोडू नका, प्रोजेक्शन करूनच बघायचं असतं. खिडकीतलं सॅम्पल वाढवताना थोड्या चुकांसाठी जागा ठेवली होती म्हणून एवढ्यावर भागलं, शून्य चुका धरून काढलं असतं तर याच एका बिलाने मर्यादा ओलांडली असती.

बाजूचा एक मुद्दा. क्लायंटचा फायनान्स मॅनेजर म्हणत होता की तो दर महिन्याला सप्लायरप्रमाणे खरेदी रिव्ह्यू करतो, तो कंट्रोल धरा. अशा वेळी विचारा की त्या रिव्ह्यूमध्ये किती मोठा फरक त्याच्या डोळ्यात आला असता. तो महिन्याच्या टोटलमध्ये 10 टक्क्यांहून जास्त फरक असेल तरच बघायचा. 500 च्या जागी 460 नग त्यात कधीच दिसले नसते. म्हणून तो कंट्रोल भरपाई म्हणून धरला नाही, टेस्टही केला नाही.

कंपनी कायद्याच्या कलम 143(3)(i) खालच्या इंटर्नल फायनान्शियल कंट्रोल रिपोर्टसाठी मात्र प्रश्न वेगळा विचारावा लागतो. तिथे मत 31 मार्चच्या तारखेचं असतं. नोव्हेंबरअखेर राइट काढला, डिसेंबर ते मार्च कंट्रोल नीट चालल्याचा पुरावा आहे, म्हणून तिथे तो मटेरियल वीकनेस ठरला नाही. पण आर्थिक पत्रकांच्या ऑडिटमध्ये आपण पूर्ण वर्षाच्या व्यवहारांवर मत देतो, तिथे नोव्हेंबर नोव्हेंबरच राहतो. खूप जण हे दोन एकत्र करून टाकतात, एका ठिकाणी ठीक म्हणून दुसऱ्या ठिकाणीही ठीक.

फाईलमध्ये आम्ही काय लिहिलं ते साधारण असं होतं, तसंच्या तसं कॉपी करू नका पण बांधणी बघा: "खरेदी थ्री-वे मॅच, सॅम्पल 40, डेव्हिएशन 3, वरची मर्यादा टॉलरेबलपेक्षा जास्त. कारण: एका आयडीला 14 ऑक्टोबर ते 30 नोव्हेंबर जीआरएनशिवाय पोस्टिंगचा राइट. पुरावा: चेंज लॉग, रजेचं रेकॉर्ड, सर्व बिलांची तारीख तुलना. निष्कर्ष: या काळासाठी कंट्रोलवर विसंबलेलो नाही, उरलेल्या काळासाठी 54 मध्ये 0, विसंबलो. परिणाम: ऑकरन्स व ॲक्युरसीसाठी या काळात 25 आयटम, पुरावा गेट व इन्स्पेक्शन रेकॉर्डवरून, कम्प्लीटनेस व कन्फर्मेशनच्या प्लॅनमध्ये बदल नाही, कारण सोबत." त्या शेवटच्या ओळीत काय बदललं नाही आणि का, हे लिहायला विसरू नका, रिव्ह्यू करणारा पहिलं तेच विचारतो.

आणि क्लायंटच्या मॅनेजमेंटला एसए 265 प्रमाणे पत्रात कळवलं, तात्पुरत्या माणसाला पोस्टिंगचे वाढीव राइट देताना कोणाची मंजुरी लागेल आणि ते आपोआप कधी बंद होतील हे ठरवा म्हणून. पुढच्या वर्षी त्यांनी सिस्टिममध्ये राइटला शेवटची तारीख टाकायची सोय करून घेतली, आम्ही त्या वर्षी चेंज लॉगच आधी मागितला आणि मग सॅम्पल काढलं.